मदत हवी आहे: जॉन्सनच्या नियमाचा क्रम आणि आमच्या ऑपरेटरचा क्रम, वेळ सारखाच कसा?

मंडळी, कुपवाड एमआयडीसीत लहान वर्कशॉप आहे. काम आधी लेथवर, मग ग्राइंडिंगला. मिनिटं अशी (सेटिंग धरून, लेथ/ग्राइंडिंग): बुश 15/50, रोलर 30/55, शाफ्ट 60/45, पिन 40/25.

नियमाप्रमाणे सर्वात लहान आकडा लेथचा असेल तर काम पुढे, ग्राइंडिंगचा असेल तर शेवटी. 15 लेथचा, बुश पहिला. 25 ग्राइंडिंगचा, पिन शेवटी. मग 30 लेथचा, रोलर दुसरा, उरला शाफ्ट. लेथ 15, 45, 105, 145 ला मोकळा होतो. ग्राइंडर 65, 120, 165, 190 ला. म्हणजे एकूण 190, ग्राइंडर सुरुवातीला 15 मिनिटं रिकामा, लेथ शेवटी 45.

आमचा ऑपरेटर म्हणतो, पिन शाफ्टच्या आधी घ्या. करून पाहिलं: लेथ 15, 45, 85, 145; ग्राइंडर 65, 120, 145, 190. तेच 190, रिकामा वेळही तोच! शिवाय पिन 45 मिनिटं आधी हातात येतात. नियम सर्वात कमी वेळेचा एक क्रम देतो, तो एकमेव असेलच असं नाही, एवढं कळलं.

पण त्याच्या क्रमात शाफ्ट लेथवरून 145 ला उतरतो आणि ग्राइंडरही 145 लाच मोकळा होतो. टूल बदलायला पाच मिनिटं जास्त गेली की 195. माझ्या क्रमात शाफ्टला 15 आणि पिनला 20 मिनिटांची सवड आहे.

बरोबरीचे क्रम असतील तेव्हा ही सवड बघून निवडायची काही ठरलेली पद्धत आहे का? कामं दहा-बारा असली तर सगळे क्रम हातानं मांडणं जमणार नाही.