एका टन कचऱ्यातून 520 युनिट वीज खरंच निघते का?

मांजराकाठचा: आमच्या गावात कचऱ्यापासून विजेचा प्रकल्प आणायलेत. प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं की कचऱ्याची उष्णता किलोला 1800 किलोकॅलरी, कार्यक्षमता 25 टक्के, म्हणून टनाला 520 युनिट. गणित तर बरोबर दिसायलंय, पण मनाला पटंना. कुणाला माहिती असंल तर सांगा.

परळीकर: भागाकार बरोबरच आहे की ओ. 860 किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, 1800 चे टनाला 2093 होतात, त्याचे 25 टक्के 520. उलट आमच्या औष्णिक केंद्रासारखे 35 टक्के धरले तर 700 च्या वर जातंय, म्हणजे ह्यांनी कमीच सांगितलं. उगं प्रत्येक गोष्टीत खोट काढू नका.

जुना बॉयलरवाला: परळीकर, भागाकार बरोबर, पण कोळशाची कार्यक्षमता कचऱ्याला लावू नका. कचऱ्यात पीव्हीसी असतंय, खरकट्यातलं मीठ असतंय, त्याचा क्लोरीन सुपरहीटरच्या नळ्या खातो, म्हणून वाफ 400 अंशाच्या आसपासच ठेवतात, कोळशासारखी 540 ला नेत नाहीत. त्यामुळं ढोबळ 20-25 टक्के, त्यातून पंखे, क्रेन, धूर साफ करायची यंत्रणा ह्यातच 15 टक्के वीज जाते.

पण खरी गोम 1800 मध्ये आहे. घंटागाडीतून येणारा एक टन घ्या. त्यात 500 किलो पाणी, 200 किलो माती-खडे-काच, उरलं 300 किलो जळणारं. ते किलोला 4500 धरा, साडेतेरा लाख किलोकॅलरी झाली. आता पाण्याची वाफ करायला किलोमागं 585 लागतात, म्हणजे 500 किलोला जवळपास तीन लाख तिथंच गेली. हातात 1057 प्रति किलो. 22 टक्क्यानं 270 युनिट, प्रकल्पाचा खर्च वजा जाता 230. कुठं 520 अन् कुठं 230.

उसाचा फड: मी साखर कारखान्यात होतो, बगॅसमध्ये पण 50 टक्के पाणी असतंय तरी आमचा बॉयलर धडाधड चालतो आणि वीज बाहेर विकतो, मग कचऱ्याचंच काय एवढं.

जुना बॉयलरवाला: बगॅसमध्ये राख दोनेक टक्के, तुमच्या कचऱ्यात पाचवा हिस्सा मातीच. झाडून आणलेला रस्ता जळत नसतो दादा. आणि बगॅसमध्ये क्लोरीन किरकोळ, म्हणून तुम्हाला 500 अंशाची वाफ परवडते.

शहर साफ: तुम्ही अर्धंच सांगितलं. कुणी ओला कचरा तसाच बॉयलरमध्ये टाकत नाही, आठवडाभर पिटमध्ये ठेवतात, लिचेट निथळतं. मी एका ठिकाणी पाहिलंय, क्रेनचा पंजा खालचा माल वर आणून पसरतो तेव्हा काळं पाणी अक्षरशः धार लागल्यासारखं गळतं. त्यानं उष्णता वाढते, हे का सांगत नाही?

जुना बॉयलरवाला: बरोबर धरलं, पण इथंच खरी फसगत होते. समजा 200 किलो पाणी निथळलं. आता माल 800 किलो, त्यात पाणी 300. उष्णता किलोला 1057 वरून 1468 झाली, कागदावर जवळपास 40 टक्के वाढ. पण जळणारं तेच 300 किलो! वाचली ती फक्त त्या 200 किलो पाण्याच्या वाफेची उष्णता. बॉयलरमध्ये टाकलेल्या टनाला बाहेर जाणारी वीज 320 युनिट, पण काट्यावर मोजलेल्या टनाला 255. नगरपालिका पैसे काट्यावरच्या टनाचे मोजणार. म्हणून पहिला प्रश्न हाच, टन कुठला?

मांजराकाठचा: म्हणजे 1800 कुठून आलं?

जुना बॉयलरवाला: नमुना कधी, कुठून घेतला ते विचारा. एप्रिलमध्ये, वरचं प्लास्टिक-कापड उचलून, लॅबमध्ये वाळवून मोजलं की आकडा फुगतो. जुलैचा, गाडीतला, ओल्यासकट नमुना मागा. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये 300 टनाचा, पावणेचार मेगावॅटचा प्रकल्प झाला होता, डिझाईन 1460 च्या आसपास, कचरा आला 600-700 चा, महिनाभरसुद्धा टिकला नाही. आणि चालू प्रकल्प बघायला गेलात तर डिझेल किती लागतंय ते बघा, भट्टी 850 अंशाखाली गेली की बर्नर पेटवावाच लागतो. ते बिल वाढलं की समजा कचरा स्वतःच्या जिवावर जळत नाही.

नारेगावच्या वाऱ्याखाली: तुमचं युनिट-युनिट चालू द्या, 2018 ला आमच्या नारेगावच्या कचरा डेपोवर गाड्या अडवल्या तेव्हा औरंगाबादच्या रस्त्यावर ढीग पडले होते. मला 230 निघो की 30, टनाची पाव टन राख होऊन ढीग जातोय ना, मग वीज बोनस समजा.

शहर साफ: मग वीज विकून कर्ज फिटंल असं सांगू नका एवढंच.

परळीकर: 700 मागं घेतो. पण ओला वेगळा केला तर सुका 1800 च्या पुढं जातोय, हे पण कबूल करा.

जुना बॉयलरवाला: जातो की. पण मग टन उरतात किती ते मोजा. दीडशे टनाच्या गावात सुका पन्नास-साठ उरला तर तेवढ्याला टर्बाईन लहान लागतं, आणि टर्बाईन जेवढं लहान तेवढी कार्यक्षमता खाली.

मांजराकाठचा: आमच्याकडं काटाच मागच्या दिवाळीपासून बंद आहे. गाड्यांच्या खेपा मोजून टन लिहायलेत.