एओ मल्टिप्लाय केल्यावर पेटी मळकट दिसणे

> एओ बेक करून मल्टिप्लाय केला, पण लाकडी पेटी मळकट दिसते. काय करू?

करड्या एओमुळे रंग फक्त काळवंडतो, छटा बदलत नाही. त्या लेयरला ग्रेडियंट मॅप लावा: काळ्याच्या जागी गडद जांभळा, पांढरा तसाच. ओपॅसिटी साधारण ५०%.

मग ऑब्जेक्ट-स्पेस नॉर्मल बेक करून वरची दिशा दाखवणारा चॅनल (ब्लेंडरमध्ये निळा) सॉफ्ट लाइटवर ठेवा. वरून उजेड आल्यासारखं दिसतं. लोखंडी पट्ट्यांच्या वरच्या कडांवरची चमक मात्र हातानेच काढा, तुटक.

उजेड बाजूने रंगवू नका, नाहीतर आरशासारख्या उलटवलेल्या यूव्हीवर तो दुसऱ्या बाजूला चुकीचा पडेल. झाकण उघडणार असेल तर त्यावरचा ग्रेडियंट फिका ठेवा. शेडर अनलिट हवा. लिटमध्ये रंगवलेल्या उजेडावर सीनचाही उजेड पडतो, म्हणजे तो दोनदा लागतो.