इथरकॅट, डिस्ट्रिब्यूटेड क्लॉक आणि 'दहापट वेगा'चा हट्ट

थेटभेट (मूळ धागा)
मोटरचे ड्राइव्ह जोडायला जो उठतो तो इथरकॅट! शंभर मेगाबिटची लाइन, एका ड्राइव्हमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मधली एक केबल निसटली की पुढचं सगळं बंद. त्यापेक्षा गिगाबिट स्विच लावा, प्रत्येक ड्राइव्हला वेगळी केबल द्या, दहापट वेग मिळेल. डिस्ट्रिब्यूटेड क्लॉक तर माहितीपत्रकात छापण्यापुरतं. माझे बारा ड्राइव्ह फ्री रनमध्ये आहेत, एक मिलिसेकंदाच्या सायकलवर मशीन व्यवस्थित चालतं. आकड्यांत पटवा, मग बोलू.

सूक्ष्मदर्शी
घ्या आकडे. बारा अक्ष, प्रत्येकाचे वीस बाइट, म्हणजे 240. हेडर वगैरे धरून तीनशेच्या आत. शंभर मेगाबिटला एका बाइटला 80 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे अख्खी फ्रेम 24 मायक्रोसेकंदांत निघते. ड्राइव्ह ती थांबवून ठेवत नाही. फ्रेम आतून जात असतानाच आपले बाइट उचलतो, आपले टाकतो आणि पुढे सोडतो. त्यात दर ड्राइव्हमागे साधारण एक मायक्रोसेकंद जातो. बारा अक्षांची फेरी 40 च्या आसपास संपते आणि तुमची सायकल 1000 ची आहे. तारेवर जागा रिकामीच असताना दहापट वेगाचं करायचं काय?

खरा प्रश्न सेटपॉइंट, म्हणजे अक्षाने पुढे कुठे जायचं तो आकडा, किती लवकर पोचला हा नाहीच. सगळ्या ड्राइव्हनी तो एकाच क्षणी लागू केला का, हा आहे. एक्स-वाय टेबलावर 1 मीटर प्रति सेकंद वेगाने वर्तुळ काढा. फ्री रनमध्ये प्रत्येक ड्राइव्ह आपल्या लूपच्या सोयीने सेटपॉइंट घेतो. समजा वाय 50 मायक्रोसेकंद मागे राहिला. वर्तुळाचं 45 अंशांत कललेलं लंबवर्तुळ होतं, एका कर्णावर त्रिज्या 25 मायक्रॉनने वाढते, दुसऱ्यावर तेवढीच घटते. दोन्ही ड्राइव्हचे क्रिस्टल वेगळे असल्यामुळे हा फरक स्थिरही राहत नाही. सकाळी वर्तुळ चांगलं, तासाभराने कललेलं. मग माणूस गेन बदलत बसतो.

अर्धविराम
सहमत. डिस्ट्रिब्यूटेड क्लॉकमध्ये, म्हणजे डीसीमध्ये, मास्टर प्रत्येक ड्राइव्हपर्यंतचा उशीर मोजतो आणि डेटा सगळ्यांना एकाच वेळी मिळतो. म्हणून तर सिंक एवढं नेमकं बसतं.

सूक्ष्मदर्शी
उशीर मोजतो हे बरोबर, पुढचं नाही. डेटा वेगवेगळ्या वेळीच मिळतो, पहिल्याला आधी, बाराव्याला नंतर. त्या मोजणीवरून घड्याळं जुळवली जातात. लाइनमधला डीसी असलेला पहिला ड्राइव्ह संदर्भ-घड्याळ होतो, त्याची वेळ फ्रेमबरोबर पुढे जाते आणि बाकीचे त्याच्याशी जुळत राहतात. मग सेटपॉइंट लागू करायचा इशारा, SYNC0, सगळीकडे एकदम उठतो, फरक एका मायक्रोसेकंदाच्याही आत. फ्रेम त्याआधी येऊन पडली असली की झालं. मास्टर 30 मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला तरी वर्तुळ बिघडत नाही.

जुना_फिटर
मग माझं कोडं सोडवा. डीसी चालू आहे, तरी साधारण पन्नास सेकंदांनी सगळे अक्ष एकदम हिसका देतात. कधी एकच, कधी लागोपाठ चार-पाच. शील्ड बदलली, अर्थिंग नव्याने केलं, मोटरच्या केबल लांब नेल्या. फरक शून्य. एररही नाही. हे असलं 'सिंक' असेल तर थेटभेट यांचंच बरोबर.

थेटभेट
घ्या, मी म्हणत होतो ना?

सूक्ष्मदर्शी
गोंगाटाचा हिसका घड्याळ लावून येत नाही. फिटर, ड्राइव्ह आपापसांत जुळलेले आहेत, पण तुमचा मास्टर स्वतःच्या टायमरवर चालतोय. दोन घड्याळांत 20 पीपीएमचा फरक धरा, म्हणजे दर सेकंदाला 20 मायक्रोसेकंद. 1000 ची सायकल भरायला पन्नास सेकंद. फ्रेम सरकत सरकत SYNC0 च्या रेषेवर येते, तेव्हा एका सायकलला नवा सेटपॉइंट नसतो किंवा एकाच सायकलमध्ये दोन येतात. ड्राइव्हला वाटतं, वेग शून्य, मग दुप्पट. तोच तुमचा हिसका. मास्टरचा जिटर फ्रेमला रेषेच्या अल्याडपल्याड नाचवत असला तर लागोपाठ चार-पाच.

सायकल 2 मिलिसेकंद करून पाहा. ड्राइव्हला चालत असेल तर हिसक्यातलं अंतर दुप्पट व्हायला हवं. आणि 0x10F1:02 मध्ये, म्हणजे सिंक-एररच्या मर्यादेत, काय आहे तेही बघा.

जुना_फिटर
केलं. शंभराच्या आसपास गेलं. 0x10F1:02 मध्ये भलामोठा आकडा आहे. मशीन लावून देणाऱ्यांनी चालू करतानाच टाकला असणार, एरर येत होता म्हणून. अर्थिंगवर केलेला खर्च आता कुणाकडे मागू?

सूक्ष्मदर्शी
एरर दाबून ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. ड्राइव्ह ओरडून सांगत होता, त्याचं तोंड बांधलं. ती मर्यादा परत खाली आणा आणि मास्टरला संदर्भ-घड्याळाच्या मागे चालवा. दर सायकलला त्याची वेळ वाचायची, आपलं पुढचं उठणं तेवढं मागेपुढे करायचं. मास्टर लिनक्सवरचा आयजीएच असेल तर वाचण्याचं फंक्शन हे:

```
ecrt_master_reference_clock_time(master, &ref);
```

कंपन
उलटं करा ना, सोपं पडतं. `ecrt_master_sync_reference_clock` लावा, संदर्भ-घड्याळच मास्टरच्या मागे येईल. मी तसंच चालवतो.

सूक्ष्मदर्शी
चालतं, पण पीसीचा जिटर थोडा थोडा सगळ्या घड्याळांत शिरतो. छपाईत रंगावर रंग जुळवायच्या मशीनला मी ते करणार नाही.

कंपन
माझ्या मशीनला करतो, आणि स्कोपवर SYNC0 स्थिर दिसतो. तुमची नापसंती हा काही पुरावा नाही.

थेटभेट
घड्याळाचं मान्य, नाइलाजाने. फ्री रनमध्ये माझी वर्तुळं तपासलेली नाहीत, कारण माझं मशीन फक्त पॉइंट टू पॉइंट जातं. पण केबलचं काय? त्यावर सगळे गप्प.

अर्धविराम
शेवटच्या ड्राइव्हपासून मास्टरच्या दुसऱ्या पोर्टला केबल आणा. रिडंडन्सी झाली, विषय संपला.

कंपन
विषय तिथेच सुरू होतो! मधे तार तुटली की पलीकडच्या ड्राइव्हना डेटा दुसऱ्या बाजूने मिळतो. पण ती फ्रेम संदर्भ-घड्याळातून गेलेलीच नसते. मास्टरने त्यासाठी वेगळी सोय केली नसेल तर ते ड्राइव्ह स्वतःच्या क्रिस्टलवर सुटतात. ही सोय सगळ्या मास्टरमध्ये नसते आणि विकणारा हे कधी आपण होऊन सांगत नाही. मी गँट्रीवर भोगलंय. एक पाय तुटीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. आडवी तुळई तिरकी होऊ लागली.

सूक्ष्मदर्शी
10 पीपीएम धरले तर सेकंदाला 10 मायक्रोसेकंद. दोन सेकंदांत मशीन शिस्तीत थांबवा, फरक 20 होईल, तुळईला काही होत नाही. रिडंडन्सी सुरक्षित थांबण्यासाठी वापरायची.

कंपन
थांबायचंच असेल तर दुसरी केबल कशाला ओढली? अर्धवट राहिलेला रोल फेकावा लागतो तेव्हा 'शिस्तीत थांबवा' म्हणणारे कुणी जवळ नसतात.

सूक्ष्मदर्शी
गँट्रीचे दोन्ही पाय लाइनमध्ये शेजारी ठेवा. म्हणजे तूट दोघांच्या मधे पडण्याची शक्यता एका छोट्या केबलपुरतीच उरते.

कंपन
वायरिंग यांत्रिक विभाग ठरवतो, मी नाही. आणि ती छोटी केबलच ड्रॅग चेनमध्ये असते.

थेटभेट
म्हणजे माझा मुद्दा अगदीच फोल नव्हता तर.

जुना_फिटर
तुमचं भांडण चालू द्या. मास्टर संदर्भ-घड्याळाला बांधला, मर्यादा खाली आणली. जेवणाच्या सुट्टीपासून मशीन चालू आहे, हिसका नाही. 0x092C मधला घड्याळाचा फरक प्रत्येक ड्राइव्हवर दोन आकडी नॅनोसेकंद दिसतोय, फक्त सातव्यावर अधूनमधून तीन आकडी होतो. त्याची आत येणारी आणि बाहेर जाणारी केबल उलटी लागली असेल का?

सूक्ष्मदर्शी
आधी तेच बघा. उलटी असली तरी डेटा येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण उशिराची मोजणी चुकू शकते. केबल नीट लावून मास्टर पुन्हा सुरू करा, म्हणजे मोजणी नव्याने होईल. तरीही तीन आकडी राहिला तर 0x0300 पासूनचे एरर काउंटर इथे टाका.