मदत हवी आहे: स्टाफच्या गाडीचं महिन्याचं बिल, जादा किलोमीटर, ओव्हरटाइम आणि बदली गाडी

चाकण_ॲडमिन

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत ॲडमिन बघते. चिंचवड-आकुर्डी-निगडीकडून येणाऱ्या १४ जणांसाठी १७ सीटर ट्रॅव्हलर महिन्याच्या भाड्यावर लावलेली आहे. ॲग्रीमेंट माझ्या आधीच्या साहेबांनी केलंय, दीड पानाचं आहे, त्यात एवढंच लिहिलंय की महिना ५२,००० फिक्स, २६ दिवस, २,००० किलोमीटर, रोज १२ तास, पुढे किलोमीटरला १५ रुपये आणि तासाला १०० रुपये. किलोमीटर कुठून मोजायचे, तास कुठून धरायचे, काही नाही.

या महिन्याचं बिल आलंय ६७,८०० चं (टॅक्स वेगळा). २,६४० किलोमीटर दाखवलेत म्हणजे ६४० जादा, त्याचे ९,६००. ओव्हरटाइम रोज एक तास धरून २४ तास, २,४००. आणि एक दिवस गाडी बंद पडली तेव्हा दुसऱ्या दोन छोट्या गाड्या पाठवल्या त्याचे ३,८०० वेगळे लावलेत, फिक्स भाडं मात्र पूर्ण. अजून एक दिवस तर गाडी आलीच नाही, सगळे आपापल्या खर्चाने रिक्षा-कॅबने आले, त्याचे दिवसाला १,७३३ कापलेत म्हणे, तेही पुढच्या बिलात.

आमचा रूट चिंचवडच्या पहिल्या पिकअपपासून कंपनीपर्यंत ३४ किलोमीटर आहे, मी स्वतः बसून बघितलंय. सकाळी साडेसातला पहिला माणूस बसतो, संध्याकाळी सात-दहाला शेवटचा उतरतो. मग १२ तासांच्या वर कसं गेलं आणि २,६४० कसे झाले? गाडीवाला म्हणतो आमचं सगळं गॅरेज टू गॅरेज असतं मॅडम, भोसरीपासून मीटर चालू. ड्रायव्हरचीही वेगळीच कटकट आहे, ते खाली लिहिते कुणी विचारलं तर.

पप्पू_ट्रॅव्हल्सवाला_नाही

मॅडम गाडीवाला बरोबर बोलतोय, किलोमीटर गॅरेज टू गॅरेजच असतात, सगळीकडे तसाच नियम आहे, तुम्ही कितीही भांडा ते द्यावेच लागतील. आम्ही शिर्डीला जातो तेव्हापण घराजवळ गाडी यायच्या आधीचे किलोमीटर लावतातच.

जुना_ट्रान्स्पोर्ट_मॅनेजर

पप्पूभाऊ, तो नियम नाही, रिवाज आहे, आणि तोही एक-दोन दिवसांच्या टूरच्या गाडीला. महिन्याच्या काँट्रॅक्टला रिकामे किलोमीटर बहुतेक वेळा फिक्स भाड्यातच धरलेले असतात, नाहीतर कागदावर स्पष्ट लिहितात. ताईंच्या कागदात दोन्ही नाही, म्हणजे वाद दोघांच्या बाजूने उघडा आहे. पण तो वाद जरा बाजूला ठेवा, कारण त्याने बिल सुटतच नाही.

हिशोब करून बघा. गाडी स्वतः आली २४ दिवस. तुमचा रूट जाऊन-येऊन ६८, म्हणजे २४ दिवसांचे १,६३२. २,००० च्या आतच. आता गाडीवाल्याचं म्हणणं पूर्ण मान्य करू, भोसरीतलं गॅरेज ते चिंचवड समजा ९, जाऊन-येऊन १८. रोजचे झाले ८६, २४ दिवसांचे २,०६४. म्हणजे गॅरेज टू गॅरेज धरूनही जादा फक्त ६४ किलोमीटर, ९६० रुपये. बिल लावलंय ९,६०० चं. मधले ५७६ किलोमीटर गेले कुठे? ५७६ ला २४ ने भागा, बरोबर रोजचे २४ येतात. इतका सारखा आकडा ट्रॅफिकमधे किंवा डायव्हर्जनमुळे येत नाही. गाडी दिवसा तुमच्याकडे उभी नसते, कुठेतरी नेमाने जाऊन येते.

पकडायचं सोपं आहे. गेटवरच्या वॉचमनला सांगा, सकाळी स्टाफ उतरला की डॅशबोर्डवरच्या मीटरचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि संध्याकाळी गाडी लागली की परत. गाडी उभी असेल तर दोन्ही रीडिंग जवळजवळ सारखी दिसायला हवीत. आणि ड्युटी स्लिपवर तुमच्या कुणाची सही असते का? बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या शेवटी ड्रायव्हर सगळ्या स्लिपा एकाच पेनाने भरतो, एकाच दमात, आणि कुणीतरी डोळे मिटून सह्या ठोकतं.

चाकण_ॲडमिन

अगदी बरोबर ओळखलंत, स्लिपा महिन्याच्या शेवटीच येतात आणि सगळ्या निळ्या एकाच पेनाच्या 😄 वॉचमनकाकांना आजच सांगते. पण समजा गाडी दिवसा जाते कुठेतरी, तर मी काय म्हणू शकते? ॲग्रीमेंटमधे गाडी दिवसभर आमच्याकडेच उभी राहील असं लिहिलेलं नाहीये.

जुना_ट्रान्स्पोर्ट_मॅनेजर

गाडी दुसरीकडे वापरायला तुम्ही कदाचित अडवू शकणार नाही, पण ते किलोमीटर तुमच्या बिलात येऊ शकत नाहीत, एवढं पक्कं. ओव्हरटाइमलाही हाच मुद्दा लावा. तो भोसरीतून सातला निघून पावणेआठला परत, असे पावणेतेरा तास धरतो आणि पाऊण तासाचा पूर्ण तास करतो. पण मधे गाडी तुमच्या ताब्यातच नसेल तर सलग १२ तास तुमचे कसे? त्याला सांगा, एकतर गाडी दिवसभर आमची म्हणा आणि तास लावा, नाहीतर दोन ट्रिपा म्हणा आणि तास विसरा. दोन्हीकडून घ्यायचं नाही.

नवीन ॲग्रीमेंटला एक वाक्य नक्की टाका, की किलोमीटर आणि तास पहिल्या पिकअपपासून शेवटच्या ड्रॉपपर्यंत, रोजच्या रोज कंपनीच्या सहीने. तो रेट थोडा वाढवून मागेल, द्या. गॅरेज बदललं की बिल वाढायची टांगती तलवार तरी जाते, आज भोसरी आहे, उद्या तो गाडी आळंदीला लावेल.

वेर्णा_वाला

आमच्याकडे गोव्यात वेर्णा इस्टेटमधे याच्या वरताण प्रकार. पावसाळ्यात मिनीबस बंद पडली तर बदली म्हणून काळ्या पाटीची गाडी पाठवली, वर ड्रायव्हर बसवून. ती पर्यटक स्वतः चालवायला घेतात ती गाडी! आमच्या एचआरला कळलंच नाही, ट्रॅफिकवाल्याने अडवली तेव्हा कळलं, स्टाफ अर्धा तास रस्त्यावर भिजत. ताई तुमच्या त्या दोन छोट्या गाड्या कुठल्या पाटीच्या होत्या?

चाकण_ॲडमिन

एक पिवळी पाटी होती, दुसरी पांढरी. ड्रायव्हर म्हणाला मालकाच्या घरची आहे.

जुना_ट्रान्स्पोर्ट_मॅनेजर

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायची परवानगीच नसते. आरटीओने पकडली तर गाडी अडकेल तो भाग मालकाचा, पण अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिलं हेच दाखवते की खासगी गाडी भाड्याने चालवली, आणि तुमचा स्टाफ आत असतो. त्या गाडीचे पैसे द्यायचा प्रश्नच नाही, उलट मेलवर लेखी हरकत घ्या.

आणि बदली गाडी ही त्याची जबाबदारी, फिक्स भाडं पूर्ण घेतोय तर बदली त्यातच आली. ३,८०० कापा. गाडी आलीच नाही त्या दिवशी ३० ने भागून १,७३३ कापायचे नाहीत, भाडं २६ दिवसांचं आहे, ५२,००० भागिले २६ म्हणजे २,०००. स्टाफच्या रिक्षा-कॅबचा खर्च मात्र तुमच्या कागदात तसं लिहिलेलं नसेल तर मिळवणं अवघड आहे, मागून बघा.

भोसरीची_गाडी

मी गाडी मालक, तीन ट्रॅव्हलर आहेत, तुमच्या त्या वेंडरचा मी नाही हे आधीच सांगतो 🙏 आमच्या बाजूचंपण ऐका. बऱ्याच गाड्या वेंडरच्या नसतातच, आमच्यासारख्यांच्या अटॅच असतात, वेंडर कमिशन काढून उरलेलं देतो आणि तेही दोन-दोन महिने लटकवून, ५२ मधे डिझेल, ड्रायव्हर, हप्ता, इन्शुरन्स, टॅक्स बसवायचं तर दिवसा दुसरी ट्रिप मारल्याशिवाय गाडी परवडत नाही हे खरं आहे. पण ते किलोमीटर तुमच्यावर टाकणं चूक. २४ चा आकडा बघून मला वाटतं ड्रायव्हर मोशीला घरी जेवायला जात असेल, चाकण-मोशी जाऊन-येऊन तेवढंच पडतं.

आणि ओव्हरटाइमचे पैसे ड्रायव्हरला मिळतात का विचारा एकदा. वेंडर तुमच्याकडून घेतो, ड्रायव्हरपर्यंत येतच नाहीत, मग तो संध्याकाळी कावलेला असतो आणि तुमच्या स्टाफवर काढतो.

चाकण_ॲडमिन

दादा हे तुम्ही म्हणालात म्हणून ड्रायव्हरचं लिहितेच. गाडी चालवताना फोन कानाला असतो, एक मिनिट उशीर झाला की निघून जातो, आणि आमच्यातली एक मुलगी शेवटी निगडीच्या पुढे एकटीच उरते तिला सोसायटीच्या गेटऐवजी चौकातच उतर म्हणतो, आतून वळवायला वेळ जातो म्हणून. तिने सांगितलं तर म्हणाला मग रिक्षाने ये. वेंडरला फोन केला की म्हणतो ड्रायव्हर मिळत नाहीत मॅडम, समजून घ्या.

निशा_एचआर

ताई, ड्रायव्हरशी स्टाफला भांडू देऊ नका, तारीख-वेळ टाकून वेंडरला मेल करा, फोन नको. आमच्या ॲग्रीमेंटला असं आहे की लेखी तक्रार गेली की ४८ तासांत ड्रायव्हर बदलायचा, नाही बदलला तर त्या दिवसांचं भाडं नाही. ‘ड्रायव्हर सभ्य असावा’ असं नुसतं लिहून काही होत नाही, काय चालणार नाही ते लिहावं लागतं: फोन, दारू, ठरलेल्या जागेआधी उतरवणं, परवानगीशिवाय दुसरा माणूस गाडीत बसवणं. पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी आणि लायसन्स तुमच्याकडे फाइलला हवं, बदली ड्रायव्हरचंसुद्धा. पुण्यात २००७ मधे कॉल सेंटरच्या मुलीवर कॅबच्या ड्रायव्हरने बलात्कार करून खून केला ते आठवत असेल, तेव्हाही नेहमीच्या ड्रायव्हरबरोबर दुसरा माणूस गाडीत होता.

आणि शेवटचा ड्रॉप मुलीचा येऊ देऊ नका, रूट उलटा करून बघा.

चाकण_ॲडमिन

रूट उलटा केला तर चिंचवडवाले बोंब मारतील 😅 पण बघते. बाकी अपडेट, वॉचमनकाकांनी फोटो काढले. रोज सकाळ-संध्याकाळच्या रीडिंगमधे २३ ते २५ चा फरक आहे, शनिवारी हाफ डे होता तेव्हा जवळजवळ काहीच नाही. वेंडरला विचारलं तर म्हणाला डिझेल भरायला जाते. रोज?? आता प्रश्न एवढाच की पूर्ण बिल अडवू का?

हिशोबनीस

पूर्ण अडवू नका, सोमवारी गाडी यायची बंद होईल आणि १४ जण तुमच्या नावाने ओरडतील. वाद नसलेली रक्कम वेळेत द्या आणि उरलेल्यावर मुद्देसूद मेल टाका, मीटरच्या फोटोंसकट. वेंडर उद्यमला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून रजिस्टर्ड आहे का बघा. असेल तर हरकत लेखी, काम झाल्यापासून १५ दिवसांच्या आत जायला हवी, नाहीतर काम स्वीकारलं असंच धरतात, आणि पेमेंटही करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. बिलाचा महिना संपून किती दिवस झाले?

चाकण_ॲडमिन

९ दिवस. आजच मेल टाकते. ५२,००० मधून न आलेल्या दिवसाचे २,००० वजा, म्हणजे ५०,००० सोडते, गॅरेजच्या ९६० चं चर्चेला ठेवते, बाकी सगळ्यावर हरकत.

भोसरीची_गाडी

ते ९६० देऊन टाका ताई, त्याच्यावर भांडू नका. आणि मेलमधे ड्रायव्हरच्या जेवणाचं माझं नाव घेऊन लिहू नका म्हणजे झालं 😂

पप्पू_ट्रॅव्हल्सवाला_नाही

तरी मी म्हणतो गॅरेज टू गॅरेजच असतं.