मदत हवी आहे: रोख चक्र 20 दिवसांनी आखडलं तर खरंच 20 लाख सुटतील?

सुटाभाग
सुटे भाग बनवणारं युनिट, विक्री 3.65 कोटी (जीएसटी वगळून), म्हणजे दिवसाला 1 लाख. ताळेबंदात स्टॉक 48 लाख, येणी 88.5 लाख, देणी 35.4 लाख. सगळ्यांना 1 लाखाने भागून, स्टॉक आणि येणीचे दिवस मिळवून त्यातून देणीचे वजा केले, तर चक्र 101 दिवस आलं. स्टॉक आणि वसुली दोन्ही 10-10 दिवसांनी कमी केली, तर 20 लाख मोकळे होतील का?

पाटीपेन्सिल
होतील की. दिवसाची विक्री गुणिले कमी झालेले दिवस, संपलं.

खतावणी
उत्तर जवळपास बरोबर आलंय, पण योगायोगाने. स्टॉक खर्चाच्या भावाने धरलेला असतो, त्यात तुमचा नफा नसतो. विकलेल्या मालाचा खर्च आणि वर्षाची खरेदी किती?

सुटाभाग
खर्च 2.92 कोटी, खरेदी 2.19 कोटी.

खतावणी
म्हणजे दिवसाला 80 हजार आणि 60 हजार. स्टॉकचे 60 दिवस झाले. येणी-देणीत 18 टक्के जीएसटी मिसळलाय आणि विक्री-खरेदीत नाही, म्हणून आधी तो काढा: येणी 75 लाख, 75 दिवस, देणी 30 लाख, 50 दिवस. चक्र 85, 101 नव्हे.
स्टॉकचे 10 दिवस 8 लाख देतील. वसुलीचे 10 दिवस बँकेत 11.8 लाख आणतील, कारण गिऱ्हाइकाकडून पैसे येतात ते करासकट. एकूण 19.8. हे एकदाच सुटतात. दरवर्षी वाचतं ते फक्त व्याज, 11 टक्क्यांनी साधारण 2.18 लाख.

गाळा नं. सात
आम्ही सप्लायरला 90 दिवस लावतो, चक्र आपोआप छोटं. तेच करा.

खतावणी
प्रश्न तो नव्हता, पण सांभाळा. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर करार असूनही 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. वर चक्रवाढ व्याज. सुटाभाग, तुमचे 50 दिवसही याच नजरेने तपासा. आणि कॅश क्रेडिट आहे का?

सुटाभाग
70 लाखांचं. मार्जिन 25 टक्के.

खतावणी
मग खरी मेख इथे आहे. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे स्टॉक आणि येणीच्या तारणावर बँक जास्तीत जास्त उचलू देते ती रक्कम, आज अशी: स्टॉकमधून देणी वजा, अधिक येणी, म्हणजे 101.1 लाख, मार्जिन सोडून त्याचे 75 टक्के 75.8. मर्यादा 70 असल्याने 70 उचलता येतात. स्टॉक आणि येणी उतरली की ड्रॉइंग पॉवर 61 वर येते. 19.8 लाख खात्यात आले, पण उचलायची सोय 9 लाखांनी घटली. नव्या कामाला उरले 10.8. ते 20 लाख मशीनच्या ॲडव्हान्सला आधीच देऊन बसू नका.

पाटीपेन्सिल
हे माझ्या हिशोबात नव्हतं. पण मर्यादा 50 असती तर?

खतावणी
तर 61 तिच्या वरच राहिले असते, काही फरक नाही. सुटाभाग, 90 दिवसांवरची येणी किती? बहुतेक बँका ती धरत नाहीत. तशी जुनी बाकी वसूल झाली तर ड्रॉइंग पॉवर जराही उतरत नाही, म्हणून आधी तीच गाठा.

सुटाभाग
वयवार यादी काढलेलीच नाही. उद्या टॅलीतून काढून टाकतो इथे.