दम लागतो, मग दमा का नाही? प्रश्नपत्रिकेच्या भाषांतरावरून वाद

शब्दवेडी: नर्सिंगच्या प्रश्नपत्रिकेचं मराठी करतेय. मूळ प्रश्न असा: ६५ वर्षांचा रुग्ण, आडवं झालं की ब्रेथलेसनेस, रात्री दचकून उठून बसतो, पाय सुजलेत, मानेच्या शिरा फुगलेल्या, तिसरा हार्ट साउंड ऐकू येतो. पर्याय अस्थमा, सीओपीडी, न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर. मी "दम लागतो" लिहिलं आणि पर्यायांत दमा, श्वासनलिकांचा जुनाट आजार, न्यूमोनिया, हृदय बंद पडणे. बरोबर वाटतं का?

पेपरसेटर: शब्द म्हणून बघितलं तर चूक काढता येत नाही, पण प्रश्न बदलला. "दम लागतो" वाचून ज्याला काहीच येत नाही तो थेट दमा निवडेल, कारण तोच शब्द समोर दिसतोय, इंग्रजीत ब्रेथलेसनेस आणि अस्थमा यांचा कानाला काही संबंध लागत नाही. आणि "हृदय बंद पडणे" तर कुणीच निवडणार नाही, रुग्ण उठून बसतोय म्हटल्यावर हृदय बंद कसं पडलं असेल? ते कार्डियाक अरेस्टचं मराठी झालं. म्हणजे बरोबर उत्तरच वाचता वाचता बाद झालं आणि ज्याला विषय येतो तोही गोंधळला.

सरळमार्गी: एवढं डोकं लावायची गरज नाही. मराठी प्रत दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यायची आणि मूळ प्रश्नाशी ताडून बघायची, जुळलं तर पास. आम्ही नेहमी असंच करतो.

पेपरसेटर: त्यात "हृदय बंद पडणे" सापडेल, मान्य. पण दम आणि दमा सापडणार नाही, कारण परत इंग्रजीत गेलं की ब्रेथलेसनेस आणि अस्थमाच होणार, कागदावर सगळं जुळलेलं. तुमच्या पद्धतीने अर्थ तपासला जातो, इशारा नाही. त्यासाठी मी वेगळं करतो: प्रश्न झाकून फक्त चार पर्याय अशा दहा-बारा जणांना देतो ज्यांचा मेडिकलशी संबंध नाही आणि विचारतो, यातलं उत्तर कुठलं वाटतं. मग प्रश्नासकट पुन्हा देतो. कुणाला काही येत नसताना बरेच जण एकाच पर्यायावर गेले तर भाषाच बोट दाखवतेय. माणसं थोडी असतात म्हणून हा पुरावा नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

शब्दवेडी: मग हार्ट फेल्युअर असं केलं तर: "हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होऊन फुफ्फुसात पाणी साचणे"?

पेपरसेटर: नको! बाकीचे पर्याय एक ते तीन शब्दांचे आणि हा एकटा ओळभर, पोरं लांब पर्याय डोळे झाकून टिक करतात. शिवाय आडवं झाल्यावर त्रास का होतो त्याचं कारणच त्यात सांगून टाकलंत. मी चारही एकाच पद्धतीने ठेवेन, अस्थमा, सीओपीडी, न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, आणि वर "श्वास घ्यायला त्रास होतो". शेवटी "कोणता आजार झाला असावा" असंच, म्हणजे आजार शब्दाशी क्रियापद जुळतं आणि पर्याय पुल्लिंगी की नपुंसकलिंगी याने फरक पडत नाही.

मायमराठी: हे मला अजिबात पटत नाही. सगळंच देवनागरीतलं इंग्रजी ठेवायचं तर भाषांतर कशाला? पेशंट "दमा" म्हणतो, नर्सला तो शब्द यायलाच हवा, आणि जी मुलगी मराठीतून शिकली तिला "सीओपीडी" अनोळखी असेल तर ती आजार ओळखूनसुद्धा मार्क घालवेल.

पेपरसेटर: शेवटचा मुद्दा खरा आहे. वर्गात जो शब्द वापरला तोच पेपरात हवा, आणि वर्गात दमा शिकवला असेल तर पर्यायात दमा ठेवा, फक्त प्रश्नातून "दम" काढा. दोन्हीकडे एकदम नको.

थर्डइयर: माझ्यासोबत हेच झालंय. प्रश्नात "चक्कर येते" लिहिलेलं, मी घेरी येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते असं समजून बीपी कमी झालंय हा पर्याय निवडला, उत्तर निघालं कानाचा आजार. मूळ इंग्रजीत व्हर्टिगो होतं म्हणे. मग तो मार्क मला मिळायला हवा ना?

पेपरसेटर: तुझं वाचन चुकीचं नव्हतं, चक्कर शब्दात दोन्ही येतं. "आजूबाजूचं सगळं गरगर फिरतंय असं वाटतं" लिहिलं असतं तर वादच नव्हता. ही चूक निकालातही दिसते, एरवी चांगले मार्क पडणारी मुलं इथे एकाच चुकीच्या पर्यायावर गोळा होतात. तसं दिसलं तर दोन्ही उत्तरं धरावीत किंवा प्रश्न रद्द करावा. तुझ्या बाबतीत काय करतील ते मी नाही सांगू शकत.

शब्दवेडी: आता एक नवीनच दिसलं. "तिसरा हार्ट साउंड" आणि "हार्ट फेल्युअर", हा इशारा तर मूळ इंग्रजीतच आहे! मी "एस-थ्री ऐकू येतो" करू का?

सरळमार्गी: हे नाही चालणार. इंग्रजीवाल्यांना इशारा आणि मराठीवाल्यांना नाही, मग दोन पेपर सारखे कसे? भाषांतरकाराने मूळ सुधारू नये.

पेपरसेटर: गुपचूप सुधारू नये हे बरोबर. ज्याने मूळ इंग्रजी पेपर काढला त्याला कळवा आणि दोन्ही प्रती एकत्र बदला.

शब्दवेडी: इंग्रजी प्रत छापायला गेलीये.

मायमराठी: मग मराठीत तरी नीट करा. चूक माहीत असून तशीच उतरवायची, हे मला जमलं नसतं.

सरळमार्गी: आणि निकाल लागल्यावर मराठीवाल्यांचा पेपर अवघड होता म्हणून तक्रार आली तर उत्तर कोण देणार?