मदत हवी आहे: मेन्थिल क्लोराइडपासून केवळ २-मेन्थीनच का मिळते?

गोदाकाठ_रसायन
नमस्कार. मी नाशिकमध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सोडियम इथॉक्साइडसोबत निओमेन्थिल क्लोराइड तापवले की अधिक प्रतिस्थापित असे ३-मेन्थीन सुमारे ७८ टक्के आणि २-मेन्थीन सुमारे २२ टक्के मिळते, हे झायत्सेवच्या नियमाला धरून आहे. मेन्थिल क्लोराइड मात्र त्याच परिस्थितीत जवळपास २०० पटींनी सावकाश अभिक्रिया करते आणि फक्त २-मेन्थीन देते. दोन्ही रेणूंमध्ये फरक आहे तो केवळ क्लोरिनच्या दिशेचा. हायड्रोजन आणि क्लोरिन एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असावे लागतात हे मी पाठ केले आहे, पण का, हे कोणी समजावून सांगेल का?

कॉलेजरोड_क्लासेस
बेस आणि बाहेर पडणारा क्लोराइड हे दोन्ही ऋणभारित असतात, त्यामुळे ते परस्परांपासून दूर राहावेत म्हणून विरुद्ध बाजू लागते. मेन्थिल क्लोराइडमध्ये क्लोरिन इक्वेटोरियल असल्यामुळे ई-टू होतच नाही. तेथे ई-वन होत असणार, म्हणूनच वेग कमी आहे.

सातपूर_एमआयडीसी
आमच्याकडे २-मेथिलसायक्लोहेक्झॅनॉल फॉस्फोरिक आम्लासोबत तापवल्यावर नेहमी मिश्रणच मिळाले आणि त्यात १-मेथिलसायक्लोहेक्झीन जास्त असे. क्लोरिन वर की खाली याने एवढा फरक पडतो, हे मला पटत नाही.

निवृत्त_प्राध्यापक_नाशिक
सातपूरकर, तुमचे निरीक्षण खरे आहे, पण ते या प्रश्नाला लागू होत नाही. आम्लात पाणी आधी निघून जाते, कार्बोकॅटायन तयार होतो आणि त्यानंतर कोणता हायड्रोजन जायचा हे ठरते. तेव्हा सोडून जाणारा गट जागेवर नसतोच, म्हणून दिशेचे बंधन सैल पडते.

ई-टूमध्ये सर्व काही एकाच टप्प्यात घडते. बेस हायड्रोजन ओढू लागताच कार्बन-हायड्रोजन बंधातील इलेक्ट्रॉन कार्बन-क्लोरिनच्या रिकाम्या प्रतिबंधी कक्षकात शिरतात. त्या कक्षकाचा मोठा पाळा क्लोरिनच्या विरुद्ध बाजूला, कार्बनच्या पाठीमागे असतो. म्हणून तो हायड्रोजन आणि क्लोरिन एका प्रतलात, १८० अंशांवर असले की आच्छादन उत्तम होते आणि तयार होणाऱ्या पाय बंधाचे दोन्ही पाळे सुरुवातीपासून समांतर राहतात. ६० अंशांवर हे जमत नाही. शून्य अंशांवर प्रतल जुळते, पण तेथे बंध एकमेकांसमोर येतात. ताठ सांगाड्याच्या काही रेणूंत तो मार्गही घेतला जातो. दोन्ही ऋणभार दूर राहतात हे क्लासेसवाल्यांचे म्हणणे चूक नाही, पण मुख्य कारण आच्छादनाचे आहे.

आता कागदावर खुर्ची काढा. मेथिल कार्बन १ वर, क्लोरिन ३ वर आणि आयसोप्रोपिल ४ वर. निओमेन्थिलच्या स्थिर खुर्चीत क्लोरिन अक्षीय आहे आणि शेजारच्या २ व ४ या दोन्ही कार्बनांवर त्याच्या विरुद्ध दिशेचा अक्षीय हायड्रोजन आहे. निवड मोकळी आहे, म्हणून अधिक प्रतिस्थापित अल्कीन पुढे जाते. मेन्थिलमध्ये तिन्ही गट इक्वेटोरियल आहेत. इक्वेटोरियल क्लोरिनच्या विरुद्ध वलयाचेच कार्बन-कार्बन बंध येतात, हायड्रोजन येत नाही. मात्र खुर्ची उलटू शकते. उलटलेल्या रूपात तिन्ही गट अक्षीय होतात, मेथिल आणि क्लोरिन तर एकाच बाजूने समोरासमोर येतात, म्हणून असे रेणू फार थोडे असतात आणि वेग पडतो. त्या रूपातही कार्बन ४ वर क्लोरिनच्या विरुद्ध आयसोप्रोपिल आहे, हायड्रोजन नाही. उरतो कार्बन २ वरचा हायड्रोजन, म्हणून २-मेन्थीन. तेव्हा मेन्थिलची ही अभिक्रियाही ई-टूच आहे.

कॉलेजरोड_क्लासेस
ई-वन नसल्याचा पुरावा काय?

निवृत्त_प्राध्यापक_नाशिक
उत्पादितच. तीव्र बेस नसताना, पाणीमिश्रित इथेनॉलमध्ये हेच मेन्थिल क्लोराइड ३-मेन्थीन अधिक आणि २-मेन्थीन कमी देते. ह्यूज, इनगोल्ड आणि रोझ यांचे १९५३ सालचे काम याच रेणूंवर आहे.

गोदाकाठ_रसायन
आता कागदावर उमगले. आम्ही प्रयोग केला आणि मेन्थिलपासून थोडे ३-मेन्थीन मिळाले, तर ते कसे ओळखायचे आणि कारण काय समजायचे? शिवाय उलटलेली खुर्चीच का, वळलेली नौका का नाही?

निवृत्त_प्राध्यापक_नाशिक
प्रोटॉन एनएमआर घ्या. २-मेन्थीनमध्ये द्विबंधावर दोन हायड्रोजन असतात, ३-मेन्थीनमध्ये एकच. ३-मेन्थीन दिसलेच, तर आधी क्लोराइड तपासा. मेन्थॉलपासून ते बनवताना निओमेन्थिल मिसळून आले असेल, तर ते वेगवान असल्यामुळे सुरुवातीच्या नमुन्यात ३-मेन्थीनचा वाटा जास्त दिसेल आणि पुढे तो घटत जाईल. बेस सौम्य पडल्यास ई-वनचा वाटाही येतो.

नौकेचा प्रश्न रास्त आहे. वळलेल्या नौकेतही हायड्रोजन आणि क्लोरिन १८० अंशांच्या जवळ येऊ शकतात, आणि केवळ वेग व उत्पादित पाहून ते रूप वगळता येत नाही. मात्र कोणत्याही रूपात कार्बन ४ चा हायड्रोजन क्लोरिनच्याच बाजूला राहतो, म्हणून उत्पादिताचे उत्तर बदलत नाही.

सातपूर_एमआयडीसी
मग ट्रान्स-१-ब्रोमो-२-मेथिलसायक्लोहेक्झेनला इथॉक्साइड दिले, तर ३-मेथिलसायक्लोहेक्झीनच मिळायला हवे, १-मेथिल नाही. आमच्याकडे तो ब्रोमाइड ट्रान्स होता की सिस, याची नोंदच कोणी ठेवली नव्हती. जुना नमुना सापडला, तर कळवतो.